गुणांचा तक्ता एक्सेलमध्ये केला, आता सरांना सोबत काय लिहून द्यायचं?

गावात ज्याला लॅपटॉप येतो त्याच्याकडे हे काम कधी ना कधी येतंच. शाळेतून फोन येतो, "अरे, आठवीच्या गणिताचं गुणांचं पान आहे, तेवढं एक्सेलमध्ये करून दे ना." तुम्ही मोबाईलवर फोटो काढता, फोटोतून टेबल बनवणाऱ्या एखाद्या ॲपमध्ये टाकता, नाहीतर सरळ बघून बघून टाइप करता. तासाभरात फाइल तयार. व्हॉट्सॲपवर पाठवली की काम संपलं, असं वाटतं.

पण त्या पानावर शाई सांडलेली एक जागा होती. एका अंकावर गिरवून दुसरा अंक काढला होता. एका ओळीची बेरीज जुळत नव्हती. या जागी तुम्ही काहीतरी ठरवलंत आणि पुढे गेलात. एक्सेलमध्ये मात्र तुम्ही ठरवलेला आकडा आणि स्वच्छ वाचलेला आकडा अगदी सारखेच दिसतात. मुख्याध्यापकांना दोघांतला फरक कळायला दुसरा मार्ग नाही. तो फरक सांगणारं एक पान फाइलसोबत द्यावं लागतं. ते कसं लिहायचं, ते आज बघू.

उदाहरणासाठी यवतमाळ जिल्ह्यातली एखादी उच्च प्राथमिक शाळा धरू. इयत्ता आठवी, विषय गणित, पहिलं सत्र, पट ३८. रजिस्टरच्या एका पानावर हजेरी क्रमांकापुढे चार रकाने आहेत: आकारिक, संकलित, एकूण आणि श्रेणी. म्हणजे ३८ गुणिले ४, एकूण १५२ चौकोन. शाळा आणि आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, पण पद्धत आपल्या राज्यातली खरीच आहे. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यात सातवी-आठवीला आकारिक मूल्यमापनाला ४० आणि संकलितला ६० टक्के भार आहे. १०० पैकी जे गुण होतील त्यावरून श्रेणी ठरते: ७१ ते ८० ला ब-१, ६१ ते ७० ला ब-२, ५१ ते ६० ला क-१, ४१ ते ५० ला क-२, ३३ ते ४० ला ड. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आधी आकडे खरंच आकडे आहेत का ते बघा

आपल्याकडच्या बऱ्याच रजिस्टरमध्ये गुण मराठी अंकांत लिहिलेले असतात. फोटोतून टेबल काढणारी ॲप्स पुष्कळदा इंग्रजी अंकांची अपेक्षा धरून वाचतात. मग मराठी ४ त्यांना इंग्रजी `8` वाटतो, मराठी १ इंग्रजी `9` वाटतो, मराठी ७ कधी `6` तर कधी `9` होतो. हाताने लिहिलेल्या ५ चा `4` होणंही नेहमीचं. गंमत म्हणजे चुकून आलेला आकडाही दिसायला बरोबर असतो. ४१ चं `89` झालं तर स्क्रीनवर काहीच वावगं दिसत नाही. रकाना ६० पैकी गुणांचा आहे हे डोक्यात असेल तरच ८९ खटकेल. आणि १४ चं `98` न होता `18` झालं, तर तेही खटकणार नाही.

दुसरा घोळ टाइप करताना होतो. मराठी कीबोर्डवरून ३४ टाइप केलं तर एक्सेल त्याला बहुतेक वेळा आकडा मानत नाही, अक्षरं मानतं. ओळखायची खूण सोपी आहे: आकडा चौकोनात उजवीकडे चिकटतो, अक्षरं डावीकडे. असे चौकोन `SUM` बेरजेत धरतच नाही आणि तक्रारही करत नाही. उपाय म्हणजे फाइंड अँड रिप्लेस वापरून ० ते ९ हे दहाही मराठी अंक एकेक करून इंग्रजी अंकांत बदलून घ्यायचे.

यानंतर एक रिकामा रकाना घेऊन हे सूत्र टाका. B मध्ये आकारिक, C मध्ये संकलित, D मध्ये एकूण आहे असं धरलंय:

```
=IF(COUNT(B2:D2)<3,"तपासा",IF(B2+C2=D2,"जुळते","जुळत नाही"))
```

`COUNT` फक्त खरे आकडे मोजतं. तिन्हीपैकी एक जरी चौकोन अक्षरांचा किंवा रिकामा असला तरी "तपासा" येईल. तिन्ही आकडे असतील तर बेरीज पडताळली जाईल. शिक्षकांनी हाताने केलेली बेरीज अशी आपल्या वाचनाची तपासणी करून देते.

पण या तपासणीला मर्यादा आहे. २७ आणि ३८ ऐवजी तुम्ही २८ आणि ३७ वाचलंत तर बेरीज ६५ च येते, सूत्र "जुळते" म्हणतं. आणि फोटो तिरका असल्यामुळे अख्खी ओळच एका घराने खाली सरकली, तर बेरीज उत्तम जुळते, फक्त एकाचे गुण दुसऱ्याला गेलेले असतात. म्हणून शेवटी पान हातात घेऊन ओळी मोजा. ३८ च भरल्या पाहिजेत. शिवाय पहिली, मधली आणि शेवटची ओळ हजेरी क्रमांकासकट ताडून बघा.

पाच ओळी, पाच प्रकारची अडचण

सूत्र फिरवल्यावर आणि पान पुन्हा वाचल्यावर आपल्या पानावर पाच ओळी उरल्या. रजिस्टरमध्ये त्या अशा दिसतात:

| ह. क्र. | आकारिक | संकलित | एकूण | श्रेणी |
|---|---|---|---|---|
| ७ | ३४ | ४ आणि पुढे डाग | ७८ | ब-१ |
| १२ | १९ | २१ किंवा २९ | ४० वर गिरवून ४८, किंवा उलट | कोपरा फाटलेला |
| १६ | २८॥ | ४१॥ | ७० | ब-२ |
| २१ | २७ | ३८ | ७५ | ब-१ |
| ३० | २२ | गै | – | – |

ओळ १६ सगळ्यात सोपी, पण माहिती नसेल तर फसवणारी. आकड्यापुढच्या दोन उभ्या रेघा म्हणजे अर्धा. जुन्या वळणाचे गुरुजी आजही साडेअठ्ठावीस असं लिहितात. ॲपला त्या रेघा `11` वाटतात आणि `2811` येतं. आपण २८.५ आणि ४१.५ धरलं तर बेरीज बरोबर ७० येते, म्हणजे वाचन बरोबर आहे. तरीही खूण वाचून आपण अर्थ लावला आहे, म्हणून हे गृहीतक म्हणून नोंदवायचं.

ओळ ७ मध्ये संकलितचा दुसरा अंक डागाखाली गेलाय. ७८ मधून ३४ वजा केले तर ४४ येतात, आणि डागाबाहेर दिसणारा ४ त्याच्याशी जुळतो. म्हणून ४४ भरायला हरकत नाही. पण हा आकडा आपण *वाचलेला* नाही, *काढलेला* आहे. शिक्षकांची बेरीजच चुकली असेल तर आपला ४४ ही चुकीचा. त्यामुळे चौकोनात ४४ भरायचे आणि शेजारच्या शेरा रकान्यात "एकूणवरून काढले" असं लिहायचं.

ओळ २१ मध्ये प्रत्येक अंक लख्ख वाचता येतो. तरी २७ आणि ३८ मिळून ६५ होतात, ७५ नाही. इथे हात शिवशिवतो, वाटतं ६५ करून टाकावं. थांबा. दोन शक्यता आहेत. एक, बेरीज करताना चूक झाली आणि खरे गुण ६५. दोन, संकलितमध्ये ४८ लिहायचे ते ३८ लिहिले गेले आणि एकूण ७५ च बरोबर. पहिल्यात श्रेणी ब-२, दुसऱ्यात ब-१. पानावर ब-१ लिहिलंय म्हणून ७५ बरोबर, असंही म्हणता येत नाही. श्रेणी एकूण गुण बघूनच लिहिली जाते. एकूण चुकलं असेल तर श्रेणीही त्याच्यासोबत चुकणार. म्हणजे ती वेगळी साक्ष नाही. इथे आपलं काम रजिस्टरमध्ये आहे तसं उतरवणं आणि न जुळल्याचं सांगणं, एवढंच.

ओळ १२ खरी अडचणीची. संकलितचा दुसरा अंक १ आहे की ९, ते कळत नाही. या अक्षराच्या वळणात दोघांची शेपटी सारखीच आहे. २१ धरले तर एकूण ४०, २९ धरले तर ४८. एकूणच्या रकान्यात नेमकं ० आणि ८ एकमेकांवर गिरवलेत, कोणता आधीचा आणि कोणता नंतरचा ते दिसत नाही. श्रेणीचा कोपरा फाटलाय. म्हणजे जिथे जिथे उत्तर सापडू शकलं असतं ती प्रत्येक जागा बंद आहे. आणि फरक किती? ४० ला ड, ४८ ला क-२. त्या मुलाच्या किंवा मुलीच्या प्रगतिपत्रकावर कोणती श्रेणी येणार, हे आपल्या अंदाजावर सोडायची गोष्ट नाही. "बहुतेक २९ असावं" असं वाटत असलं तरी भरायचं नाही.

ओळ ३० मध्ये "गै" म्हणजे गैरहजर. काही जण इथे शून्य टाकतात. शून्याचा अर्थ परीक्षा दिली आणि काहीच आलं नाही. गैरहजर म्हणजे परीक्षाच दिली नाही. एक्सेललाही हा फरक कळतो: `AVERAGE` शून्य हिशोबात धरतं, पण "गै" हे अक्षर सोडून देतं. म्हणून रजिस्टरमध्ये जे आहे तेच ठेवायचं.

न वाचलेल्या चौकोनात काय भरायचं?

रिकामा सोडू नका. रिकाम्या चौकोनाचा अर्थ वाचणारा आपल्या मनाने लावतो: भरायचं राहिलं, गैरहजर, किंवा शून्य. नुसता पिवळा रंगही पुरत नाही. शाळेच्या काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर पिवळा फिका राखाडी होतो, आणि फाइल सीएसव्हीत सेव्ह केली की रंग जातोच. चौकोनात सरळ शब्द लिहा: "वाचता येत नाही". सगळीकडे हेच शब्द, एका अक्षराचाही फरक नको, म्हणजे नंतर शोधून काढता येतात.

आता पत्र

पत्र एका पानात बसलं पाहिजे. मुख्याध्यापकांना एक्सेलची सूत्रं समजावून सांगायची नाहीत. काय वाचलं, काय धरलं, काय वाचता आलं नाही, आणि त्यांनी काय करायचं, एवढंच. मुलांची नावं लिहू नका, हजेरी क्रमांक पुरतो. हे पत्र व्हॉट्सॲपवरून कुठे कुठे जाईल सांगता येत नाही.

> प्रति,
> मा. मुख्याध्यापक
>
> विषय: इयत्ता ८ वी, गणित, प्रथम सत्र, गुणतक्त्याची एक्सेल फाइल
>
> महोदय,
>
> रजिस्टरच्या पानावरून तयार केलेली फाइल सोबत जोडली आहे. पानाचा फोटोही जोडला आहे. तक्त्यात ३८ विद्यार्थी आणि १५२ नोंदी आहेत. त्यांपैकी १४८ पानावरून वाचल्या, १ हिशोबाने काढली, ३ वाचता आल्या नाहीत.
>
> कृपया आपण ठरवावे:
>
> १. ह. क्र. १२: संकलित गुण २१ की २९ हे वाचता येत नाही. एकूण गिरवलेले आहे, श्रेणीचा कोपरा फाटला आहे. २१ असल्यास एकूण ४०, श्रेणी ड. २९ असल्यास एकूण ४८, श्रेणी क-२. तिन्ही जागी "वाचता येत नाही" असे लिहिले आहे.
>
> २. ह. क्र. २१: आकारिक २७ व संकलित ३८ यांची बेरीज ६५ होते, पानावर एकूण ७५ व श्रेणी ब-१ आहे. पानावरचेच आकडे ठेवले आहेत, काहीही बदललेले नाही.
>
> मी धरलेल्या गोष्टी:
>
> ३. ह. क्र. ७: संकलित गुणांवर डाग आहे. एकूण ७८ मधून आकारिक ३४ वजा करून ४४ भरले आहेत.
>
> ४. ह. क्र. १६: २८॥ व ४१॥ म्हणजे २८.५ व ४१.५ असे धरले आहे. बेरीज ७० जुळते.
>
> ५. "गै" म्हणजे गैरहजर असे धरले आहे (ह. क्र. ३०). शून्य भरलेले नाही. एकूण व श्रेणी पानाप्रमाणेच मोकळी रेघ आहे.
>
> ओळ १२ व २१ चा निर्णय होईपर्यंत वर्गाची सरासरी व श्रेणीनिहाय संख्या काढलेली नाही. आपला निर्णय कळवल्यावर दुरुस्त फाइल देतो.

या पत्राचा क्रम बघा. जे सरांनी ठरवायचं ते सगळ्यात वर आहे, आपण काय धरलं ते खाली. उलट क्रमाने लिहिलं तर घाईत असलेले सर पहिल्या दोन ओळी वाचून "ठीक आहे" म्हणतील आणि ओळ १२ तशीच राहील. आणि आकड्यांचा हिशोब लागतो का ते स्वतः तपासा: १४८, १ आणि ३ मिळून १५२ व्हायलाच हवेत. नाही झाले तर कुठला तरी चौकोन तुमच्या नजरेतून सुटलाय.

ओळ १२ साठी नुसता "वाचता येत नाही" हा शेरा न देता दोन्ही शक्यता आणि त्यांचे परिणाम लिहिलेत. यामुळे सरांना नेमकं काय शोधायचं ते कळतं. उत्तर तीन ठिकाणी मिळू शकतं: विषयशिक्षकांकडे, त्या सत्राची उत्तरपत्रिका शाळेत असेल तर तिच्यात, आणि घरी असलेल्या प्रगतिपत्रकावर. शेवटचं बऱ्याचदा कोणाच्या लक्षात येत नाही. रजिस्टर फाटलं तेव्हा प्रगतिपत्रक घरच्या ट्रंकेत सुरक्षित होतं. मात्र गिरवण्याच्या आधी भरलंय की नंतर, हे ठरवणं शिक्षकांचं काम.

पाठवताना दोन गोष्टी

पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला तर ॲप त्याचा आकार कमी करतं. नेमकी १ आणि ९ ची शेपटीच त्यात पुसट होते. फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, म्हणजे मूळ आहे तसा जाईल.

दुसरं, पत्र फक्त मेसेज म्हणून ठेवू नका. फाइल पुढे क्लार्ककडे जाते, तिथून केंद्रप्रमुखांकडे, आणि मेसेज मागेच राहतो. तोच मजकूर एक्सेलमध्ये "टीप" नावाच्या वेगळ्या शीटवर, सगळ्यात पहिली शीट म्हणून ठेवा. सरांचं उत्तर आलं की जुनी फाइल न पुसता तिची नवी प्रत करा, उदाहरणार्थ `ganit_8_satra1_v2.xlsx`, आणि टीपमध्ये एक ओळ वाढवा: ह. क्र. १२, संकलित गुण अमुक, कोणी सांगितलं, कशावरून, कोणत्या तारखेला. रजिस्टरच्या पानावर दुरुस्ती करायची असेल तर ती शाळेनेच, सहीसकट करायची. त्या पानावर आपण पेन लावायचं नाही.